विषय: वेदांतला (५वी ब) बोलण्यावरून चिडवलं जातंय, या आठवड्यात भेटता येईल का?

नमस्कार देवरे मॅडम,

मी वेदांत निकमची आई, स्नेहल. वेदांत बोलताना अडखळतो हे तुम्हाला माहीत आहे. जूनच्या पालकसभेनंतर आपलं त्यावर थोडं बोलणंही झालं होतं. आता अडचण वेगळी आहे. साधारण दोन आठवड्यांपासून वर्गातली तीन मुलं त्याची नक्कल करतात आणि त्याला ‘बफरिंग’ म्हणून हाक मारतात. काल शनिवारी तो पोट दुखतंय म्हणून घरी राहिला. पोट दुखत नव्हतं, हे त्याने दुपारी स्वतःच सांगितलं.

नुसतं ‘मुलं त्रास देतात’ एवढ्यावर तुम्हाला काही करता येणार नाही, म्हणून मला कळलेलं तारखेनिशी लिहिते.

गुरुवार, २४ जुलै, सकाळची हजेरी. त्याचा नंबर ३१. ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणताना तो ‘प’वर अडकला, तेव्हा मागच्या बाकावरून हळू आवाजात ‘प-प-प’ झालं आणि त्या रांगेतली मुलं हसली. तुमच्यापर्यंत ते पोचलं नसणार, आवाज अगदी पुटपुटल्यासारखा होता म्हणे.

सोमवार, २८ जुलै. श्रावणी सोमवार म्हणून शाळा लवकर सुटली होती. गेटजवळ व्हॅनची वाट बघताना ‘ए बफरिंग, रेंज नाही का?’ असं सुरू झालं आणि व्हॅनमध्ये इंदिरानगरपर्यंत चालू राहिलं. तिथे त्यातली दोन मुलं उतरतात. वेदांत पुढे पाथर्डी फाट्याला उतरतो.

बुधवार, ३० जुलै, मधली सुट्टी, पाण्याच्या नळाजवळ. तिघांपैकी एकजण नळासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘आधी तुझं नाव सांग, मग पाणी भर.’ वेदांतला नाव सांगता येईना, बाकीचे आकडे मोजत राहिले. शेवटी वेदांतने त्या मुलाला ढकललं. त्या मुलाची बाटली पडली आणि झाकण तुटलं. ढकलणं चूकच होतं. मी वेदांतला तसं सांगितलं आहे आणि बाटलीची भरपाई आम्ही करून देऊ. कदाचित तुमच्याकडे त्या दिवसाची फक्त ढकलाढकलीची तक्रार आली असेल, म्हणून त्याआधीचं लिहिलं. त्या दिवशी वेदांतची बाटली रिकामीच घरी आली.

शुक्रवार, १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीची भाषणं. वेदांतची चारच ओळींची तयारी होती आणि घरी ती छान झाली होती. वर्गात ‘पुण्यतिथी’ या शब्दावर तो थांबला. दोघांनी तो शब्द मोठ्याने म्हणून टाकला, सगळे हसले आणि तो भाषण अर्धवट सोडून जागेवर बसला. ‘मॅडमनी लगेच सगळ्यांना गप्प केलं,’ हे त्याने घरी आल्याआल्या सांगितलं. त्याबद्दल मनापासून आभार.

यातलं सोमवारचं मला व्हॅनवाल्या काकांनीही सांगितलं. बाकी तिन्ही गोष्टी वेदांतकडून कळल्या आहेत, म्हणजे ती एकाच बाजूची माहिती आहे हे मी धरून चालते. तुम्ही त्या मुलांशी बोलाल तेव्हा आणखी काही कळलं तर मला जरूर सांगा, वेदांतच्या बाजूने काही चुकलं असलं तरीही. तिघांची नावं मेलमध्ये लिहीत नाही. मेल पुढे कुठेही जाऊ शकतो आणि तीही दहा-अकरा वर्षांचीच मुलं आहेत. भेटीत सांगते.

वेदांतच्या बोलण्याबद्दल चार गोष्टी सांगते, कारण वर्गात त्या उपयोगी पडतील. उत्तर येत नाही किंवा भीती वाटते म्हणून तो अडखळतो असं नाही. काय बोलायचं ते त्याला नक्की माहीत असतं, पण शब्द सुरू होताना अडकतो. त्याला प, क आणि त ही अक्षरं सुरुवातीला आली की जास्त जड जातात. अडखळणारी बरीच मुलं अशा वेळी शब्दच बदलतात, वेदांतही बदलतो. आणि बदलायला शब्द सापडला नाही तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसतो. त्यामुळे भूगोलाच्या तासाला त्याचं ‘माहीत नाही’ ऐकलंत तर एकदा वहीत लिहून दाखवायला सांगून बघा. स्वतःचं नाव मात्र कोणालाच बदलता येत नाही, म्हणून ते सांगणं सगळ्यात अवघड असतं. नळाजवळ नेमकं तेच विचारलं गेलं.

दुसरं म्हणजे हे रोज सारखं नसतं. मंगळवारी धडा सरळ वाचेल आणि बुधवारी त्याच पानावर अडकेल. हे बघून मुलांना वाटतं की तो मुद्दाम करतो. कविता सगळ्यांबरोबर म्हणताना, गाणं म्हणताना तो जवळजवळ अडखळतच नाही. घाई झाली, सगळे आपल्याकडे बघत असले, आपली पाळी जवळ येताना दिसत असली की वाढतं. ‘हळू बोल’, ‘आधी श्वास घे’ असं लोक प्रेमानेच सांगतात, पण त्याने तो जास्त सावध होतो आणि आणखी अडकतो. त्याचा शब्द आपण पूर्ण केला तरी तसंच होतं. त्याच्याकडे नेहमीसारखं बघत थांबलं, बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग तो काय म्हणाला त्यावर उत्तर दिलं, एवढं त्याला पुरतं. तो दर शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला स्पीच थेरपिस्टकडे जातो. हे सगळं त्यांनीच आम्हाला समजावलं आहे. हवं असेल तर त्या तुमच्याशी फोनवर बोलायला तयार आहेत.

आता तुमच्याकडून काय हवं आहे ते. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत, म्हणून रोजच्या कामात बसेल तेवढंच मागते.

हजेरीला ‘प्रेझेंट मॅडम’ऐवजी ‘येस मॅडम’ चालेल असं सगळ्याच वर्गाला सांगता येईल का? ‘य’ त्याला सोपा जातो. फक्त त्याला सूट दिली तर तेही चिडवण्याचं निमित्त होईल, म्हणून सगळ्यांना.

वाचनातून त्याला वगळू नका, ही खास विनंती. वगळलं की तो सुटतो असं वाटतं, पण पुढच्या वेळी त्याला अधिक जड जातं आणि मुलांनाही कळतं की याला वगळतात. त्याचा नंबर पहिल्या दोन-तीनमध्ये घेतला तर बरं. एकेक बाक पुढे सरकत आपल्यापर्यंत येतोय हे बघत बसणं त्याला वाचण्यापेक्षा अवघड जातं. कधी दोघांनी मिळून वाचायचं ठेवलंत तर उत्तमच. घटक चाचणीच्या तोंडी परीक्षेत त्याला थोडा वेळ जास्त मिळावा आणि थांबण्याचे गुण कापले जाऊ नयेत. पाठांतर नसेल तर मात्र गुण जरूर कापा.

त्या तीन मुलांशी तुम्ही वेगवेगळं बोलावं असं मला वाटतं. तिघं एकत्र असली की एकजण हसतो आणि बाकीच्यांना जोर येतो. वर्गासमोर उभं करून वेदांतची माफी मागायला लावू नका, ही कळकळीची विनंती. माफी वर्गात होईल आणि तिचं उट्टं व्हॅनमध्ये निघेल. ‘वेदांतच्या आईने तक्रार केली’ असंही त्यांना कळायला नको. भाषणाच्या वेळी तुम्ही स्वतः पाहिलंत, एवढं कारण पुरेसं आहे. वर्गाला अडखळण्याबद्दल माहिती द्यावी असं तुम्हाला वाटलं तर आधी वेदांतला बाजूला घेऊन विचारा. सध्या तो नको म्हणतो.

मधल्या सुट्टीत नळाजवळ ज्या शिक्षकांची ड्यूटी असते त्यांच्या कानावर घातलंत तर खूप मदत होईल. वर्गात तुमचं लक्ष असतं, त्यामुळे बरंचसं तिथेच घडतं. आणि वेदांतला एक खूण ठरवून द्या. काही झालं तर त्याने गृहपाठाच्या वहीत त्या दिवसाच्या तारखेभोवती गोल करून वही तुमच्या टेबलावर ठेवायची. ‘मॅडमना जाऊन सांग’ असं आम्ही त्याला सांगतो, पण त्या क्षणी सांगणं हेच त्याला जमत नाही.

व्हॅनचं मी बघते. काकांशी बोलणं झालं आहे, उद्यापासून वेदांत पुढे त्यांच्या शेजारच्या सीटवर बसेल. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मी यातलं काहीही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. त्या मुलांच्या घरी फोनही केलेला नाही. तो करायचा की नाही, केला तर कोणी, हे तुमच्याशी बोलूनच ठरवू. चिडवलं तर ढकलायचं नाही, ‘मला बोलू दे’ एवढंच म्हणून तिथून निघायचं, याचा सराव आम्ही घरी घेतोय. वाक्य ‘म’ने सुरू होतं, ते त्याला येतं.

मंगळवारी ५ तारखेला किंवा गुरुवारी ७ तारखेला शाळा सुटल्यावर भेटता येईल का? पंधरा मिनिटं पुरतील. तुम्हाला दुसरी वेळ सोयीची असेल तर सांगा, ऑफिसमधून तासभर आधी निघणं मला जमतं. भेटीनंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी, एकदा फोनवर बोलून काय फरक पडला ते बघू. तोवर घरी काही नवीन कळलं तर तारीख आणि जागा लिहून ठेवते, रोज फोन करून तुम्हाला त्रास देणार नाही. मात्र पुन्हा कोणी पाणी अडवलं किंवा अंगाला हात लावला तर त्याच दिवशी कळवेन.

एक सांगायचं राहिलं. वेदांतला तुमचा विज्ञानाचा तास आवडतो. मागच्या आठवड्यात भिजवलेल्या मटकीला मोड येतात ते घरी सगळ्यांना समजावून सांगत होता, न थांबता. उद्या सोमवारी मी त्याला शाळेत पाठवते आहे. हजेरीआधी एकदा सहज त्याच्याशी बोललात तर त्याला बरं वाटेल. मोड किती लांब झाले एवढं विचारलंत तरी चालेल.

स्नेहल निकम
वेदांत निकम, ५वी ब, हजेरी क्रमांक ३१
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ता. क. वेदांतच्या बाबांना हा मेल दाखवला आहे. भेटीला आम्ही दोघं येऊ. माझा फोन नंबर शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर आहे. दुपारी दीड ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर मी निवांत बोलू शकते.