श्रावणीची एनएमएमएस शिष्यवृत्ती: पीडीएफमधलं आपल्या कामाचं तेवढं

आत्या, काका,

सरांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली पीडीएफ रात्री बसून वाचली. बरीचशी मुख्याध्यापकांसाठी आहे. आपल्याला लागतं तेवढं खाली लिहिते. आत्या, आधी मुदतीचं वाच, बाकीचं दुपारी निवांत वाचलंस तरी चालेल.

मुदत

राज्य परीक्षा परिषदेची तारीख 11 ऑक्टोबर आहे, पण ती शाळेसाठी. फॉर्म शाळाच ऑनलाइन भरते, आपण बाहेर सायबरमध्ये जाऊन भरायचा नाही. शाळेने आपल्याकडून कागद मागितलेत बुधवारी, 1 ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकत्र, शाळा बंद. म्हणजे 1 तारखेची दुपार हीच आपली शेवटची वेळ. फी 120 रुपये, तीही त्याच दिवशी. उशीर झाला तर दुप्पट भरावी लागते.

परीक्षा रविवारी, 28 डिसेंबरला. त्या आठवड्यात गावी जायचं बुकिंग करू नका.

उत्पन्नाच्या दाखल्याला सरकारी नियमाने 15 दिवस धरतात. आज 14 सप्टेंबर आहे. उद्या अर्ज टाकला तर 30 ला हातात, तोही तलाठ्याकडे अडकला नाही तर. म्हणून काका, उद्या हाफ डे टाका.

श्रावणी बसू शकते का?

हो. ती आठवीत आहे, शाळा अनुदानित आहे आणि सातवीत तिला 71 टक्के होते. अट 55 ची आहे (अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50). सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ही योजना आहे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय यांना नाही. त्यामुळे ओमच्या विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांना ही मिळणार नाही. तो आठवीत जाईल तेव्हा पुन्हा विचारू नकोस, आत्ताच सांगून ठेवते.

उत्पन्न, म्हणजे तू ज्याला घाबरलीस ते

शेजारच्या काकूंनी तुला दीड लाख सांगितलं, ती जुनी मर्यादा. आता साडेतीन लाख आहे. आई आणि वडील दोघांचं मिळून, 2024-25 या आर्थिक वर्षाचं.

हिशेब मांडला. काकांचा पगार महिन्याला 21,500. हातात 19,700 येतात हे मला माहीत आहे, पण पीएफ कापायच्या आधीचा आकडाच धरा. वर्षाचे 2,58,000. दिवाळीचा बोनस 15,000. तुझे फॉल-बिडिंग आणि ब्लाऊजचे महिन्याला सरासरी 6,000 धरले तर 72,000. एकूण 3,45,000. बसतंय, पण पाचच हजारांनी. काकांनी गेल्या वर्षी ओव्हरटाइम केला असेल तर पगाराच्या स्लिपा काढून बेरीज पुन्हा करा, माझ्या आकड्यावर जाऊ नका.

सेतूच्या बाहेर कोणी म्हणेल, "ताई, एक लाख वीस हजार लिहू या, कशाला टेन्शन?" नको. खरा आकडा मर्यादेत बसतोय. खोटा लिहिला की उद्या बँकेच्या कागदाशी जुळणार नाही आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुझी असेल.

कागद

काका नोकरीत आहेत, त्यामुळे त्यांचं उत्पन्न कंपनीच्या लेटरहेडवर चालतं, सही-शिक्क्यासह. दिघ्याला ऑफिसात विचारा. कंत्राटदाराकडून येत असेल तर त्याच्याकडून घ्या आणि वर्ष "2024-25" असं स्पष्ट लिहून घ्या. तुझ्या शिवणकामाला लेटरहेड कुठलं! त्यासाठी तहसीलदारांचा दाखला. तो ठाणे तहसीलचा, आपले सरकार केंद्रातून अर्ज करायचा. रेशनकार्ड, तुझं आधार, लाइट बिल आणि दोन फोटो सोबत ने. दोन्ही दाखले मुख्याध्यापकांकडे जमा होतात, एकेक झेरॉक्स घरी ठेव.

श्रावणीचं आधार, सातवीचं प्रगतिपुस्तक, पासपोर्ट फोटो आणि जातीचा दाखला असेल तर तोही. आता नीट बघ: तिच्या आधारवर मधलं नाव नाही, शाळेच्या रजिस्टरला "श्रावणी दिलीप" असं आहे. आत्ता परीक्षेला अडणार नाही, पण निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नाव, जन्मतारीख जुळली नाही की अर्ज परत येतो. शाळेचं रजिस्टर बदलणं कटकटीचं, आधार सोपं. दिवाळीच्या सुट्टीत करून घेऊ.

बँक खातं

हे आत्ता लागत नाही, पण माझी अक्कल यातच गेली म्हणून लिहिते. बारावीला माझी शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि पैसे सहा महिने आलेच नाहीत. बँकेतल्या बाई म्हणायच्या, "आधार लिंक आहे." होतंच ना! पण खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून सीडिंग झालेलं असणं वेगळं. माझं सीडिंग होतं पाचवीत शाळेने उघडलेल्या खात्याला, ज्याचं पासबुक आईने कधीच हरवलं होतं. पैसे तिकडे. श्रावणीचंही तसं एक जुनं खातं आहे ना? आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग" बघितलं की कोणती बँक ते दिसतं. ओटीपी तुझ्या मोबाइलवर येईल, मी आले की बघू.

परीक्षा आणि पैसे

दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा सातवी-आठवीच्या अभ्यासाचा: विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. दोन्ही मिळून 40 टक्के हवेत, पण 40 मिळाले म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं नाही. राज्याला 11,682 जागा आहेत आणि यादी गुणांवर लागते. गणिताला ती घाबरते, पण 180 मधले 20 च प्रश्न आहेत हे तिला सांग. आकृत्यांचे आणि अंकमालिकेचे प्रश्न रोज वीस सोडवले तरी पुष्कळ.

निवड झाली तर वर्षाला 12,000, नववी ते बारावी चार वर्षं, 48,000. पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करायचं, आठवीत 55 टक्के ठेवायचे, नववी आणि अकरावी पहिल्याच फटक्यात पास आणि दहावीत 60.

आणि काका, हे लक्षात ठेवाच. दहावीनंतर कॉलेज सरकारी किंवा अनुदानितच हवं. क्लासवाले ज्या "इंटिग्रेटेड" कॉलेजात नाव घालायला सांगतात ती बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित असतात. तिथे प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती बंद, गुण कितीही असोत.

उद्या निघताना रेशनकार्ड मूळ घ्या, झेरॉक्सवर परत पाठवतात. मी शनिवारी सातच्या लोकलने कळव्याला येते, तोवर स्लिपा एका पिशवीत घालून ठेव.

तुझी,
पल्लवी