ऋणनिर्देश

हा प्रबंध नियमाप्रमाणे इंग्रजीत आहे. हे एक पान तेवढे मराठीत लिहू द्या, अशी विनंती मी मार्गदर्शक मॅडमना केली. ज्यांचे आभार मानायचे आहेत, त्यांतल्या पुष्कळांना एवढेच पान वाचता येईल. मॅडम लगेच हो म्हणाल्या आणि सुरुवात सहभागींपासून कर, गुरुजन नंतर, असेही त्यांनीच सांगितले.

मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागातल्या ज्या ११२ जणांनी मला घरात घेतले, त्यांची नावे गोपनीयतेमुळे इथे देता येत नाहीत. प्रबंधात ते सांकेतिक क्रमांकांनी आले आहेत. एमडीआर टीबीचे, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे, उपचार सोसत असताना तासभर बसून एका अनोळखी डॉक्टरला उत्तरे देणे सोपे नव्हते. लिनेझोलिडने कुणाच्या पायांना मुंग्या येत होत्या, क्लोफाझिमिनने कुणाचा चेहरा काळवंडला होता. बैंगनवाडीतल्या एका ताईंनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून त्या दिवसाच्या गोळ्या काढून माझ्यासमोर ताटलीत ओळीने मांडल्या. मग भिंतीवरचा लग्नातला फोटो दाखवून म्हणाल्या, "गोरी होते हो मी, डॉक्टर." दुष्परिणामांचे प्रकरण मी त्या दिवशी घरी येऊन पुन्हा लिहिले.

अभ्यास चालू असताना चार सहभागी आपल्यातून गेले. त्यांतल्या एकांच्या पत्नी उरलेल्या गोळ्या परत करायला स्वतः केंद्रावर आल्या आणि माझी राहिलेली मुलाखतही त्यांनी पुरी करून दिली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. ज्यांनी मुलाखतीला नकार दिला, त्यांचेही आभार. शेजाऱ्यांना कळेल, ही त्यांची भीती खरी होती.

माझ्या मार्गदर्शक मॅडमचे ऋण मोठे आहे. पहिल्या आराखड्यात उपचार मध्येच सोडणाऱ्यांसाठी मी 'डिफॉल्टर' हा शब्द वापरला होता. मॅडमनी तो सगळीकडे लाल पेनाने खोडला आणि विचारले, "पत्ते आहेत ना यांचे? मग जाऊन विचार, का थांबवल्या गोळ्या." केसपेपरवरून होणारा माझा अभ्यास त्या एका वाक्याने घरोघरी गेला. नंतर प्रत्येक प्रकरण त्यांनी ओळ न ओळ वाचले, आणि जिथे मी घाईने निष्कर्ष काढला तिथे न रागावता थांबवले. सहमार्गदर्शक सरांनी छातीचे एक्सरे आणि औषधयोजना समजावून दिल्या, तेही ओपीडी संपल्यावर, स्वतःचे जेवण बाजूला ठेवून. विभागप्रमुखांनी क्षेत्रभेटींसाठी वेळ मोकळा करून दिला. संख्याशास्त्राच्या मॅडमनी नमुना किती हवा इथपासून मला शिकवले.

संस्थेच्या नैतिकता समितीने संमतीपत्र मराठी आणि हिंदीबरोबर उर्दूतही असावे आणि मुलाखतीची जागा सहभागीने ठरवावी, असा आग्रह धरला. त्यात दोन महिने गेले. पण त्यामुळेच कुणी गच्चीत बोलले, कुणी गोवंडी स्टेशनच्या बाकावर.

क्षयरोग विभागाच्या टीबी हेल्थ व्हिजिटर आणि आरोग्य स्वयंसेविका नसत्या तर हे काम उभेच राहिले नसते. लल्लूभाई कंपाऊंडमध्ये लिफ्ट बंद असताना त्या माझ्यासोबत सातव्या मजल्यापर्यंत चढल्या. दार त्यांच्या हाकेला उघडायचे. माझ्या ओळखपत्राकडे कुणी पाहतही नसे. वस्तीतल्या घरांविषयी जे काही मला कळले, ते आधी त्यांना ठाऊक होते.

माझ्या सहनिवासी मित्रमैत्रिणींनी ड्युट्या बदलून दिल्या. त्यांचे उपकार फेडायला पुढच्या ड्युट्या आहेतच.

घरच्यांविषयी थोडे. सासूबाईंनी दोन वर्षे माझ्या लेकीचा अभ्यास, डबा आणि ताप सांभाळला. नवऱ्याने सगळे तक्ते रात्री पुन्हा तपासले आणि तीन चुका शोधल्या. बाबा रोज फोनवर एकच विचारत, "जेवलीस का?"

आईला मी भेदभावाच्या प्रकरणातला एक भाग मराठीत सांगितला होता. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, तरी घरोघरी रुग्णाची ताटवाटी वेगळी असते, असा तो भाग. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकांचा पेला आपणच वेगळा ठेवला होता गं." नाव कोरलेला तो स्टीलचा पेला मला लहानपणापासून आठवतो. तो खिडकीत का असतो, हे मी कधी विचारले नव्हते. परवा डोंबिवलीला गेले, तेव्हा तो सगळ्यांच्या भांड्यांबरोबर मांडणीत होता आणि आईने त्यातूनच मला पाणी दिले. हे काकांना विचारून लिहिले आहे. "लिही," ते म्हणाले, "आणि मी बरा झालो, तेही लिही."

काका बरे झाले.

पदव्युत्तर विद्यार्थिनी
जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग
मुंबई