सहा महिने समुद्रात, हे आधीच सांगतो

वय ३३, ऑइल टँकरवर थर्ड इंजिनियर. सहा महिने जहाजावर मग साधारण तीन-चार महिने घरी, आणि माझ्या जागी येणारा रिलीव्हर वेळेत आला नाही तर ती तारीखही पुढे जाते. वाढदिवस चुकतील, तू आजारी असशील तेव्हा मी लगेच येऊ शकणार नाही, हे लपवून काही सुरू करायचं नाहीये मला. मागचं नातं यावरूनच तुटलं, कारण मी "बघू, करू काहीतरी" म्हणत राहिलो.

इंजिन रूममध्ये फोन लागत नाही पण ड्युटीचा वॉच संपला की हाताचं ग्रीस नीट निघायच्या आधीच मेसेज बघतो, मोठे व्हॉइस नोट आवडतात, दोनदा ऐकतो. घरी असलो की पूर्ण घरी असतो. स्वतःचं काम, मित्रमैत्रिणी असलेली, आणि राग आला तर सरळ बोलणारी कुणी असेल तर खरंच बोलायला आवडेल. पुढचं जॉइनिंग नोव्हेंबरमध्ये आहे.