शनिवारच्या स्वयंपाकासाठी हात हवेत

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

आपल्या मिरजेत उपचारांसाठी सांगली-कोल्हापूरकडून, बेळगाव-विजापूरकडून माणसं येतात. पेशंटची सोय वॉर्डात होते, पण सोबत आलेली आई किंवा भाऊ वडापाववर दिवस काढतात. त्यांच्यासाठी दर शनिवारी संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये जेवण असतं. साधारण शंभर पानं उठतात. स्वयंपाकाला मात्र तेच पाच-सहा जण असतात, आणि पावसाळ्यात त्यांतलेही कमी होतात.

मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना म्हणतो, "तुम्हीच त्यांना खायला द्या." हे वचन आपण पुष्कळदा ऐकलं आहे. पण त्याच्या थोडं आधी, त्याच दिवशी, तोच प्रभू त्याच शिष्यांना म्हणाला होता, "थोडा विसावा घ्या." त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून दमलेल्या माणसावर आणखी ओझं टाकण्यासाठी आम्ही हे वचन कधीच वापरणार नाही. घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, नोकरीची पाळी असेल, किंवा सध्या मनच थकलं असेल, तर विसावा घ्या. तोही प्रभूनेच सांगितलेला आहे.

पुढे तो विचारतो, "तुमच्याजवळ किती भाकरी आहेत? जाऊन पाहा." नाही त्याचा हिशोब तो मागत नाही. तुमच्याजवळ शनिवारचा एखादा तास असेल, तर काम भरपूर आहे. चार वाजल्यापासून डाळ-तांदूळ निवडणं, कांदा-बटाटा चिरणं, मग चपात्या. सातला पंगत बसते. वाढायला कन्नड बोलणारं कोणी असलं तर फारच बरं, कारण पुष्कळ जण संकोचाने दुसऱ्यांदा भाजी मागत नाहीत. पातेली घासायला तरुण संघातली मुलं आली तर आमच्या वयस्कर भगिनींच्या कमरेला खरंच आराम मिळेल. स्वयंपाक येत नसला तरी चालेल. महिन्यातून एकदा आलात, किंवा एकदाच येऊन पाहिलंत, तरी आनंद आहे.

हॉलच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. वाटलं तर नाव आणि जमणारा शनिवार लिहा. यादी उपासनेत वाचली जाणार नाही, आणि नाव न लिहिणाऱ्याला कोणी फोन करणार नाही. लिहिल्यावर जमलं नाही तर तेवढा निरोप द्या, कारण विचारणार नाही. "दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये," असं पौलाने करिंथकरांना लिहिलं, ते वेळेलाही लागू आहे असं आम्ही मानतो.

आणि एखाद्या शनिवारी तुमच्याच घरी चूल पेटवणं जड जात असेल, तर सातला या आणि पंगतीत बसा. पान मांडलेलं असेल.

तुमचे,
स्वयंपाकघरातले बंधुभगिनी