भाडं तीन वर्षं आहे तेवढंच ठेवण्याबद्दल विनंती

मुरूड, ता. दापोली, जि. रत्नागिरी
दिनांक 12 फेब्रुवारी 2026

ती. बापट काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा परवाचा फोन आला तेव्हा मी बंदरावर एका ट्रॉलरच्या मशीनमध्ये हात घालून होतो, त्यामुळे नुसतं "हो काका, बघतो" म्हणालो. ते मान्य केलं असं कृपया धरू नका. मेपासून भाडं 7,500 चं 8,500, आणि पुढे दर वर्षी पाचशेची वाढ, हे घरी बसून सौ. बरोबर नीट बोललो. फोनवर असलं बोलणं अर्धवट राहतं, आणि काकूंनाही वाचता यावं, म्हणून पत्र लिहितोय.

मागणी आधी सांगतो. आपला अकरा महिन्यांचा करार 30 एप्रिलला संपतोय. यंदा अकरा महिन्यांचा न करता 1 मे 2026 ते 30 एप्रिल 2029 असा सलग छत्तीस महिन्यांचा करू, आणि या छत्तीस महिन्यांत भाडं 7,500 च राहू दे. त्याच्या बदल्यात मी काय देणार तेही खाली लिहिलंय.

तीन वर्षंच का, तर सई आता सातवीत आहे. जूनमध्ये आठवीत जाईल आणि 2029 च्या मार्चपर्यंत तिची दहावीची परीक्षा होईल. मधेच घर बदलून शाळा बदलायची नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणजे मला थांबायची गरज आहे, हे मी लपवत नाही. तुम्हाला ते ठाऊकच आहे, आणि म्हणून तुम्ही ताणून धरू शकता, हेही मला कळतं.

आता हिशोब. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पहिलं वर्ष 8,500, मग 9,000, मग 9,500. तीन वर्षांचे 3,24,000 होतात. माझ्या म्हणण्याप्रमाणे 2,70,000. फरक 54,000 चा. रक्कम लहान नाही, आणि "काका, आपलं घरचंच आहे" म्हणून ती सोडा असं मी सांगणार नाही.

पण आम्ही एप्रिलअखेर घर सोडलं तर काय होईल ते बघा. मे महिन्यात इथे येतात ते पर्यटक, राहायला येणारं बिऱ्हाड नव्हे. जूनला पाऊस लागला की कौलारू घर बघायला कोणी फिरकत नाही. नवीन माणूस मिळायचा तो गणपतीनंतर. जून ते सप्टेंबर हे चारच महिने धरले तरी 8,500 प्रमाणे 34,000 गेले, आणि बंद घराचं जे होतं ते वेगळं. पलीकडच्या वाडीतलं घर तुम्ही शिमग्याला पाहिलंतच: एका पावसाळ्यात वाळवी चौकटीतून वर चढली आणि माजघराच्या भिंतीला हिरवी बुरशी धरली.

दुसरी गोष्ट शाकारणीची. दर वर्षी मे महिन्यात तुम्ही दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी आणि फुटक्या कौलांचे मिळून सहा हजारांच्या आसपास पाठवता. हा खर्च तीन वर्षं माझा. कौलं परतणं, कोने बसवणं, पश्चिमेच्या पडवीला झापं बांधणं, सगळं. तीन वर्षांचे 18,000 झाले. चौतीस आणि अठरा मिळून बावन्न. दोन हजारांचा फरक उरतो, तो माझ्या बाजूने राहतोय हे मान्य. तुम्ही म्हणाल, घर रिकामं राहीलच कशावरून? खरंय, कदाचित मे महिन्यातच कोणी मिळेलही. मी तुमच्या जागी असतो तर त्यावर पैज लावली नसती, इतकंच.

कौलांचं निघालंच आहे तर एक दाखवून ठेवतो. माजघर आणि पडवी जिथे मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने सडलाय. वरून नीट दिसतो. शिडी लावून खालून बघितलं तर बोटाएवढी भोकं आहेत आणि त्याखालचा वासा काळा पडलाय, नखाने भुसा निघतो. गेल्या पावसात तिथे तगारी ठेवून निभावलं. यंदा तो वासा बदलला नाही तर त्याच्यावरच्या रिपा बसतील. लाकूड आणि पत्रा हे सामान तुमचं, मजुरी आणि उभं राहून करून घेणं माझं. बाकी किरकोळ, म्हणजे नळ, बटणं, पंपाचं वायसर, मी आजवर सांगितलंही नाही आणि पुढेही सांगणार नाही.

आता वाडीचं. काका, हा विषय मीच काढतो, कारण तुम्ही तो काढणार नाही आणि मनात मात्र ठेवाल. कोकणात जागावाल्याला कुळाची धास्ती असते आणि ती उगाच नाही. 1948 चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांत कोणाकोणाच्या जमिनी गेल्या ते तुमच्याच आळीत आजही सांगतात. तीन वर्षं एकच माणूस राहणार, वर वाडीला पाणी घालणार, म्हणजे उद्या सातबाऱ्यावर नाव लावायला जाईल, ही शंका कोणालाही येईल. म्हणून करारात स्पष्ट लिहू: लायसन्स फक्त घराचं, पडवीचं आणि खळ्याचं. वाडी त्यात नाही. वाडीतलं उत्पन्न संपूर्ण तुमचं, पीकपाहणीत माझं नाव लागणार नाही, आणि शिंपणं मी करतो ते तुमच्या सांगण्यावरून, कसणूक म्हणून नव्हे. दापोलीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याचा जागेत कसलाही हक्क तयार होत नाही. मुदत संपून घर सोडलं नाही तर भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट रक्कम भरावी लागते. नोंदवलेला करार असेल तर त्यात लिहिलंय तेच पुरावा. म्हणजे तीन वर्षांचा नोंदणीकृत करार तुम्हाला अकरा महिन्यांच्या तोंडी वाढवण्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

वाडीची मला काळजी आहे ती वेगळ्या कारणाने. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तुमच्या पोफळी आडव्या झाल्या. नंतर लावलेली रोपं आता कुठे डोक्यावर गेलीत. फेब्रुवारी ते मे पाणी चुकलं तर ती करपतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पंप सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, पाट वळवत फिरायचं. हे काम डोंबिवलीहून होत नाही. त्याचा मी हिशोबात एक रुपया धरलेला नाही.

नोंदणीचा खर्च माझा. आजच्या दराने पूर्ण मुदतीचं भाडं आणि 25,000 डिपॉझिटवरचं धरायचं व्याज यांच्या 0.25 टक्के स्टँप ड्युटी, ती सातशेच्या आसपास येते. ग्रामीण भागात नोंदणी फी 500. ऑनलाइन होतं, तुम्हाला दापोलीला यावं लागणार नाही, आधार आणि अंगठा पुरतो. दर अकरा महिन्यांनी हाच घोळ घालायचा त्यापेक्षा एकदाच.

पैशांचं एक अजून. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा मला मशिनांचं काम भरपूर, पण नाखवे पैसे देतात ते नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली की. म्हणून जून आणि जुलैचं भाडं मी दर वर्षी मे महिन्यातच भरीन, मेच्या भाड्याबरोबर. बाकी महिने पाच तारखेच्या आत, बँकेत.

तुमच्या बाजूने मी काही बांधून घेतोय, तसा मीही बांधला जातो. पहिली दोन वर्षं मी घर सोडणार नाही. सोडलं तर डिपॉझिटमधले दोन महिन्यांचे 15,000 तुमचे. तुम्हीही त्या दोन वर्षांत खाली करायला सांगू नये. तिसऱ्या वर्षी तुम्हा दोघांना गावी येऊन राहायचं झालं तर तीन महिन्यांची नोटीस, फक्त ती सईच्या परीक्षेच्या आत संपू नये. 2029 नंतर आम्ही राहिलो तर तेव्हाचा गावातला चालू दर, त्यावर मी घासाघीस करणार नाही.

गणपतीत ओटी आणि देवघराची खोली तुमची, हे आजवर तोंडी चालत आलंय, तेही लिहून टाकू. तुमची माणसं आली की आम्ही मागच्या दोन खोल्यांत असतो, तसेच असू.

पुतण्याचं होमस्टेचं म्हणणंही कानावर आलं. घर तुमचं आहे, त्यात मी बोलणं बरं नव्हे. एवढंच म्हणतो की पर्यटकाला संडास-बाथरूम खोलीला लागून लागतो, आपला आहे तो विहिरीपाशी. शिवाय चादरी बदलायला आणि किल्ली द्यायला इथे कोणीतरी कायम लागेल. ते करायचंच असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी मे महिन्याच्या आत सोय बघतो.

हजार रुपये वाढ म्हणजे तेरा टक्के पडते. जुन्या भाडेकरूंना कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे. आपल्या लायसन्सला तो नियम लागू नाही, म्हणून मी त्यावर अडून बसत नाही, पण फरक तुमच्या डोळ्यांसमोर असावा. आणि छत्तीस महिने पूर्ण गोठवणं तुम्हाला अगदीच जड वाटत असेल, तर पहिली दोन वर्षं 7,500 आणि तिसऱ्या वर्षी 7,800, इथपर्यंत मी येऊ शकतो. त्यापुढे माझं गणित बसत नाही.

शिमग्याला तुम्ही येणारच आहात. पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी बसू. मी मसुदा छापून ठेवतो, तुम्ही तुमच्या वकिलांना दाखवा, खाडाखोड करा. 15 मार्चपर्यंत ठरलं तर वाशाचं लाकूड वखारीत सांगता येईल. एप्रिलमध्ये सगळ्यांची शाकारणी लागते आणि सुतार मिळत नाही.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यासाठी मंडळींनी करंजेल काढून ठेवलंय.

आपला,
महेश शिर्के

ता. क. — सोललेल्या सुपारीची दोन पोती ओटीवर ठेवली आहेत. उंदीर लागले म्हणून वर टांगली. व्यापारी शिमग्याच्या आधी येऊन गेला तर काय भावाने द्यायची ते फोनवर कळवा, तोवर हात लावत नाही.