विषय: ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पोस्ट: लेखी होकार आणि नमुना फोटो हवेत

नमस्कार ताई,

तिमाहीच्या 36 पोस्टचा मजकूर आणि तारखा सोबतच्या शीटमध्ये आहेत. फोनवर तुम्ही "चालतंय की" म्हणालात, पण शेड्यूलला लावण्याआधी याच मेलवर "मंजूर" एवढं लिहून पाठवा. दसरा-दिवाळीच्या सवलतीचे आकडे तेवढे नीट बघा. एकदा पोस्ट गेली की गिऱ्हाईक तोच भाव धरून बसतं.

पैठण्यांचे 8-10 नमुना फोटोही लागतील. फ्लॅश नको, जरीचे धागे पांढरे पडतात. सकाळच्या उजेडात काढा. पदराची उलटी बाजू आवर्जून घ्या, हातमागाची खूण तिथंच दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो फुटतात.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तर शनिवारी लावतो. तोवर काहीच लावत नाही.

आपला,
सचिन
छत्रपती संभाजीनगर