उद्याची वास्तुशांत: गुरुजींना निरोप

गुरुजी, सादर नमस्कार.

उद्या रविवारी आमच्याकडे वास्तुशांत आहे, त्याची आठवण म्हणून लिहितोय. ठरल्याप्रमाणे आपण आणि सहकारी गुरुजी सकाळी ७:३० पर्यंत या, म्हणजे मांडणी होऊन ८ वाजता संकल्पाला बसता येईल. आम्ही दोघं ७ पासून आंघोळी करून तयार असू.

सामान घरात आलंय. आज दुपारी आईने तुमची यादी पुढ्यात घेऊन हळद-कुंकू, अक्षता, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम, जानवी, कापसाची वस्त्रं, नारळ, खण असं एकेक परातीत काढून ठेवलं. कलश आणि ताम्हनं घासून झाली. विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आहेत. फुलं, दूर्वा, तुळस, आंब्याचे डहाळे पहाटे ताजे येतील आणि पंचामृत उद्या सकाळीच करू. होमासाठी गाईचं तूप १ किलो आहे, गोवऱ्याही आहेत. हवनकुंड आणि वास्तुप्रतिमा आपण आणणार आहात, हे तेवढं लक्षात असू द्या.

नवग्रहांच्या समिधांपैकी खैर आणि शमी मात्र खूप शोधूनही मिळाली नाही. आपल्याकडे असेल तर घेऊन याल का? नसेल तर कृपया आज रात्रीच कळवा, सकाळी लवकर आणखी एका ठिकाणी बघून येतो.

आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी गवंड्याने काल उचलून ठेवली. फ्लॅट असल्यामुळे खाली लगेच स्लॅब लागतो, खड्डा जेमतेम तीन इंच झालाय. फोटो सोबत पाठवलाय, त्यात पट्टी धरली आहे. प्रतिमेची डबी तेवढ्यात मावेल ना, ते एकदा बघून सांगा. फरशी परत बसवायला गवंडी ११:३० ला येईल.

पुढच्या गेटसमोर रस्ता खणलाय, म्हणून गाडी मागच्या गेटने आणा. पाहुण्यांच्या पार्किंगमधली ४ नंबरची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबरही लिहून दिलाय. धाकटा भाऊ केदार सव्वासातपासून तिथेच उभा असेल. पिशव्या तोच वर आणेल, आपण काही उचलू नका. ‘बी’ विंग, ६ वा मजला, ६०२. त्याचा नंबर पुढच्या मेसेजमध्ये पाठवतो.

गोत्र भारद्वाज. संकल्पाला मी आणि अनघा बसू. एक विनंती आहे. बाबांना आजारपणानंतर खाली बसवत नाही, उजवा हातही नीट उचलत नाही. पण या घराची ओढ सगळ्यात जास्त त्यांनाच होती. त्यांची खुर्ची आमच्या शेजारी ठेवली तर चालेल ना? त्यांच्या हातून, मी हात धरून का होईना, थोड्या अक्षता वाहता आल्या तर आम्हा सगळ्यांना फार बरं वाटेल.

मेसेज वाचलात की समिधांचं आणि खड्ड्याचं तेवढं कळवा. मी ११ पर्यंत जागा आहे.

आपला,
निखिल
(आई-बाबांचा नमस्कार)